तक्त्यावरून अभिक्रियेची कोटी काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या आणि बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पुण्यात रासायनिक गतिकी शिकवताना एक प्रश्न माझ्याकडे वर्षभर अर्धवट अवस्थेत येत राहतो. ‘खालील तक्त्यावरून अभिक्रियेची कोटी ठरवा’ एवढे वाक्य असते, खाली एक समीकरण असते, आणि तक्ता ज्या चित्रात होता ते चित्र मात्र काढून टाकलेले असते. कोणी जुन्या सरावसंचातून प्रश्न उतरवून घेतलेला असतो, कोणाच्या झेरॉक्सवर त्या जागी नुसता काळा ठोकळा उमटलेला असतो. अशा प्रश्नाच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या शंका आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वर्गात ज्याला सगळे ‘ऑर्डर’ म्हणतात, तिला येथे कोटी म्हटले आहे.

तक्ता दिसत नाही, पण संतुलित समीकरण दिले आहे. त्यावरून कोटी सांगता येणार नाही का?

येणार नाही. परसल्फेट आणि आयोडाइड यांची अभिक्रिया पदवीच्या प्रयोगशाळेत बहुतेकांनी केलेली असते, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ.

S₂O₈²⁻ + 3I⁻ → 2SO₄²⁻ + I₃⁻

समीकरणातले सहगुणक हेच दर नियमातले घातांक असते, तर आयोडाइडची कोटी ३ यायला हवी होती. प्रयोगात ती १ येते, आणि परसल्फेटचीही १ येते. गंमत अशी की, हीच अभिक्रिया अनेक पुस्तकांत S₂O₈²⁻ + 2I⁻ → 2SO₄²⁻ + I₂ अशी लिहिलेली असते आणि तेही चूक नसते, कारण तयार झालेले आयोडीन उरलेल्या आयोडाइडशी जोडले जाऊन I₃⁻ बनते. म्हणजे चंचुपात्र एकच, पण कागदावर आयोडाइडचा सहगुणक कधी २ तर कधी ३. आपण समीकरण कसे लिहिले यावर अभिक्रियेचा वेग ठरत नाही. तो ठरतो सर्वांत संथ पायरीवर, आणि त्या पायरीत एक परसल्फेट आयन एका आयोडाइड आयनाला भेटतो. बाकीचे आयोडाइड नंतरच्या झटपट पायऱ्यांत खर्च होतात.

याला अपवाद एकच. ‘ही अभिक्रिया एकाच पायरीत घडते’ असे प्रश्नात स्पष्ट लिहिले असेल, तर सहगुणक हेच घातांक मानता येतात. ते वाक्य नसेल तर मानू नयेत.

मग तक्त्याशिवाय काहीच हाती लागत नाही का?

कधी कधी थोडेसे लागते. प्रश्नाच्या मजकुरात दर स्थिरांक k एककासह दिला असेल, तर त्या एककावरून एकूण कोटी कळते. एकक ‘प्रति सेकंद’ असेल तर एकूण कोटी १, ‘लिटर प्रति मोल प्रति सेकंद’ असेल तर २, आणि ‘मोल प्रति लिटर प्रति सेकंद’ असेल तर ०. मात्र ही फक्त बेरीज असते. एकूण २ म्हणजे दोन अभिक्रियाकारकांची प्रत्येकी १, की एकाची २ आणि दुसऱ्याची ०, हे एककावरून कधीच समजत नाही. बहुपर्यायी प्रश्नात चारपैकी दोन पर्याय खोडण्यापुरता याचा उपयोग होतो. पुढे तक्ताच लागतो.

हरवलेला तक्ता कोणाकडून पुन्हा मिळवायचा झाला, तर त्यात काय काय आहे हे पाहावे?

दोन अभिक्रियाकारक असतील तर दर नियम असा असतो : दर = k[A]ˣ[B]ʸ. यात x, y आणि k अशा तीन अज्ञात गोष्टी आहेत, म्हणून किमान तीन प्रयोगांच्या ओळी हव्यात. प्रत्येक ओळीत दोन्ही सुरुवातीच्या संहती आणि सुरुवातीचा दर हवा, आणि सर्व प्रयोग एकाच तापमानाला झालेले हवेत. दर ‘सुरुवातीचा’च का, असे विचारले जाते. अभिक्रिया पुढे सरकली की दोन्ही संहती एकदम घटू लागतात आणि उत्पादितेही मध्ये येतात. प्रारंभी मात्र पात्रात काय किती आहे ते आपल्याला नेमके ठाऊक असते, कारण ते आपणच मोजून टाकलेले असते.

तीन ओळी आहेत म्हणजे पुरेसे झाले, असेही समजू नये. पहिल्या ओळीत A आणि B दोन्ही ०.१, दुसरीत दोन्ही ०.२, तिसरीत दोन्ही ०.३ असा तक्ता असेल तर ओळी कितीही वाढवल्या तरी x आणि y वेगळे काढता येत नाहीत. दोघे हातात हात घालून बदलत असल्यामुळे अशा तक्त्यातून फक्त x + y मिळते. आठवणीतून उतरवलेल्या तक्त्यांत ही गफलत मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून गणिताला हात घालण्याआधी संहतींच्या दोन रकान्यांवरून एकदा नजर फिरवावी.

एक पूर्ण उदाहरण सोडवून दाखवाल का?

परसल्फेट आणि आयोडाइडचेच घेऊ. प्रयोगात या द्रावणात सोडिअम थायोसल्फेट अगदी थोडे घालतात आणि स्टार्चचे द्रावण टाकतात. तयार होणारे आयोडीन थायोसल्फेट लगेच गिळून टाकते, त्यामुळे द्रावण रंगहीनच राहते. थायोसल्फेट संपले की पुढचे आयोडीन स्टार्चला भेटते आणि क्षणात सगळे द्रावण निळे होते. चंचुपात्राखाली पांढरी फरशी ठेवली की तो क्षण चुकत नाही. रंग हळूहळू चढत नाही, दिवा लागावा तसा येतो. मिसळल्यापासून त्या क्षणापर्यंतचे सेकंद स्टॉपवॉचवर मोजायचे.

पुढच्या तक्त्यातले आकडे समजावण्यासाठी मी घेतले आहेत, पण साधारण २५ अंश सेल्सिअसला असेच आकडे येतात. संहती मिसळल्यानंतरच्या असून त्या मोल प्रति लिटरमध्ये आहेत. थायोसल्फेट प्रत्येक प्रयोगात ०.००१० आहे.

| प्रयोग | परसल्फेट | आयोडाइड | निळा रंग येण्याचा काळ (सेकंद) |
|---|---|---|---|
| १ | ०.०४० | ०.०८० | ३८ |
| २ | ०.०४० | ०.०४० | ७७ |
| ३ | ०.०२० | ०.०८० | ७५ |
| ४ | ०.०२० | ०.०६० | १०३ |

आधी दर काढू. आयोडीनचा एक रेणू थायोसल्फेटचे दोन आयन खातो आणि आयोडीनच्या एका रेणूमागे एक परसल्फेट खर्च होते. म्हणून निळा रंग येईपर्यंत परसल्फेट ०.००१० च्या निम्मे, म्हणजे ०.०००५० एवढेच घटलेले असते. हे ०.०४० च्या सव्वा टक्का आणि ०.०२० च्या अडीच टक्के आहे, त्यामुळे मिळालेल्या दराला सुरुवातीचा दर म्हणण्यास हरकत नाही. ०.०००५० ला काळाने भागले की पहिल्या प्रयोगाचा दर १.३२ × १०⁻⁵, दुसऱ्याचा ६.४९ × १०⁻⁶, तिसऱ्याचा ६.६७ × १०⁻⁶ आणि चौथ्याचा ४.८५ × १०⁻⁶ मोल प्रति लिटर प्रति सेकंद येतो.

आता प्रयोग १ आणि २ पाहा. परसल्फेट तेच आहे, आयोडाइड दुप्पट आहे आणि दर २.०३ पट झाला आहे. २ चा कोणता घात घेतला की २.०३ येतो, एवढाच प्रश्न उरतो.

```
y = log(2.03) / log(2) = 0.3075 / 0.3010 = 1.02
```

प्रयोग १ आणि ३ मध्ये आयोडाइड तेच आहे, परसल्फेट दुप्पट आहे आणि दर १.९७ पट आहे. त्यातून x = ०.९८ येतो. हाताने स्टॉपवॉच दाबणाऱ्याकडून याहून अधिक अचूकपणाची अपेक्षा ठेवता येत नाही, म्हणून दोन्ही घातांक १ धरायचे. दर = k[S₂O₈²⁻][I⁻], एकूण कोटी २.

बरेच जण येथे थांबतात आणि चौथी ओळ वापरतच नाहीत. वास्तविक ती पडताळणीसाठीच असते. पहिल्या तीन प्रयोगांतून k अनुक्रमे ४.११ × १०⁻³, ४.०६ × १०⁻³ आणि ४.१७ × १०⁻³ लिटर प्रति मोल प्रति सेकंद येतो. ज्या ओळीचा घातांक काढताना काहीही उपयोग झाला नाही, त्या चौथ्या ओळीतून तो ४.०५ × १०⁻³ येतो. चारही किमती एकमेकींना धरून आहेत, म्हणजे दर नियम बरोबर आहे. घातांक चुकला असता तर k ओळीगणिक उड्या मारताना दिसला असता.

माझ्या तक्त्यात दर नव्हता, नुसता काळ होता. कोटी उणे एक आली. असे का?

काळ हाच दर समजून भागाकार केला, म्हणून. आयोडाइड दुप्पट केल्यावर काळ निम्मा होतो, आणि २ चा उणे पहिला घात म्हणजेच निम्मा. थायोसल्फेट सर्व प्रयोगांत सारखे असेल तर दर हा १/काळ याच्या प्रमाणात असतो, त्यामुळे कोटी काढण्यापुरते काळाचे गुणोत्तर उलटे करून घेतले तरी भागते. थायोसल्फेटही बदललेले असेल तर भागत नाही. मग प्रत्येक ओळीचा दर स्वतंत्रपणे काढावा लागतो.

दोन ओळींत एकच संहती बदलली आहे अशी जोडीच तक्त्यात सापडत नसेल तर?

बहुतेक वेळा एका अभिक्रियाकारकासाठी जोडी सापडते आणि दुसऱ्यासाठी सापडत नाही. परीक्षेतला नेहमीचा सापळा हाच असतो. समजा तीन ओळी अशा आहेत : A ०.१० आणि B ०.१० असताना दर २.० × १०⁻³, A ०.२० आणि B ०.१० असताना ८.० × १०⁻³, A ०.३० आणि B ०.२० असताना ३.६ × १०⁻². पहिल्या दोन ओळींत B तेच आहे, A दुप्पट आहे आणि दर चौपट आहे, म्हणून A ची कोटी २. आता तिसरी ओळ पहिलीशी ताडून पाहा. दर १८ पट झाला आहे. A तिप्पट झाले आणि त्याची कोटी २ आहे हे आपल्याला आधीच कळले आहे, म्हणजे ९ पट वाढ A ची. १८ ला ९ ने भागल्यावर उरलेले २ हे B च्या वाट्याचे. B दुप्पट झाले आहे, म्हणून त्याची कोटी १.

ही ‘कोणाचा वाटा किती’ अशी भाषा वर्गात चटकन पटते. सीईटीत गणकयंत्र नसते, म्हणून तेथले आकडे असेच तोंडी सुटणारे असतात. तेथे भागाकार करून गुणोत्तर २.७ वगैरे येऊ लागले तर आपण ओळींची जोडी चुकीची घेतली आहे, असे खुशाल समजावे. बारावीच्या लेखी परीक्षेत लॉग टेबल वापरता येते, त्यामुळे वरच्या सूत्रानेही जाता येते. एकही स्वच्छ जोडी नसेल, तर तिन्ही ओळींचे लॉग घेऊन दोन चलांची दोन समीकरणे मांडायची. वेळ जास्त लागतो, एवढेच.

प्रयोगात कोटी १.४ आली. ही अपूर्णांकी कोटी मानायची की चूक?

अपूर्णांकी कोटी खरोखर असतात. हायड्रोजन आणि ब्रोमीन वायूंच्या अभिक्रियेत, हायड्रोजन ब्रोमाइड साचण्याआधीच्या टप्प्यात, ब्रोमीनची कोटी १/२ असते. ब्रोमीन चौपट केले की दर दुप्पट होतो. परंतु अशा कोटींमागे साखळी अभिक्रियेसारखे कारण असते आणि त्या सहसा १/२ किंवा ३/२ अशा ठसठशीत असतात. १.४ आले की मी आधी तापमापी मागतो.

एका डिसेंबरात दोघा विद्यार्थ्यांनी हाच परसल्फेटचा प्रयोग केला. कमी आयोडाइडचा प्रयोग त्यांनी सकाळी पहिल्या तासाला उरकला, तेव्हा द्रावण २२ अंशांवर होते. दुप्पट आयोडाइडचा प्रयोग जेवणाच्या सुट्टीनंतर, खिडकीतून टेबलावर ऊन येत असताना केला, तेव्हा ते २६ अंशांवर होते. पुण्यात हिवाळ्यात दिवसभरात एवढा फरक सहज पडतो आणि अंगाला तो जाणवतही नाही. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा सुमारे ५० किलोजूल प्रति मोल धरली, तर चार अंशांनी k जवळपास १.३ पट होतो. म्हणजे आयोडाइडमुळे २ पट आणि उन्हामुळे १.३ पट, मिळून दर २.६ पट. २.६ चा लॉग ०.४१५, त्याला ०.३०१ ने भागले की १.३८. त्यांच्या जर्नलमध्ये १.४ लिहिलेले होते, आणि खाली प्रामाणिकपणे ‘अपूर्णांकी कोटी’ असा निष्कर्षही होता. दोन्ही द्रावणे पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात दहा मिनिटे ठेवून प्रयोग पुन्हा केल्यावर घातांक १ च्या जवळ आला.

अशी चूक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे सर्व ओळी झाल्यावर पहिला प्रयोग शेवटी पुन्हा एकदा करणे. सकाळी ३८ सेकंद लागले आणि शेवटी ३० लागले, तर मधल्या सगळ्या ओळींत तापमान घुसले आहे आणि त्यांतून काढलेल्या कोटीवर विश्वास ठेवता येत नाही. जो तक्ता फक्त कागदावर मिळाला आहे त्यात प्रयोग पुन्हा करता येत नाही. तेथे प्रत्येक ओळीचा k काढून तो प्रयोगांच्या क्रमाने एकाच दिशेने वाढतो आहे का, हे पाहावे.

तापमान सांभाळले, तरी आयोडाइडची कोटी १.१ च्या पुढेच येते. आता काय?

आयोडाइड कमी करताना त्या जागी काय टाकले, हे सांगा. ऊर्ध्वपातित पाणी टाकले असेल तर कारण तेच असण्याची शक्यता मोठी आहे. परसल्फेट आणि आयोडाइड हे दोन्ही ऋण आयन असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात. द्रावणात इतर क्षारांचे आयन भरपूर असतील तर ते मध्ये येऊन हे लोटणे सौम्य करतात आणि अभिक्रिया वेगाने होते. पोटॅशिअम आयोडाइडच्या जागी नुसते पाणी घातले की आयोडाइड निम्मे होते आणि सोबत द्रावणातील एकूण आयनही घटतात. मग दर निम्म्याहून थोडा अधिक उतरतो, आणि ती जादा घट आपण आयोडाइडच्या नावावर मांडतो. म्हणून जितके पोटॅशिअम आयोडाइड कमी केले तितकेच, त्याच संहतीचे पोटॅशिअम नायट्रेट घालतात, आणि पोटॅशिअम परसल्फेट कमी केले तर त्या जागी पोटॅशिअम सल्फेट. प्रयोगपुस्तिकेत या क्षारांची नावे येतात, पण ते कशासाठी आहेत हे बहुधा लिहिलेले नसते. ‘अभिक्रियेत भाग घेत नाहीत’ म्हणून विद्यार्थी ते वगळतात आणि येथे फसतात.

नळाचे पाणीही वापरू नये. तांब्याच्या किंवा लोहाच्या आयनांचा अंशसुद्धा या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतो.

एका रकान्यातला आकडा बदलूनही दर तसाच राहतो. तक्ता चुकीचा छापला आहे का?

बहुधा नाही. त्या घटकाची कोटी शून्य आहे, इतकेच. अॅसिटोनचे आम्लाच्या उपस्थितीत आयोडीनीकरण हे याचे चांगले उदाहरण आहे. आयोडीन समीकरणात आहे, ते खर्चही होते, पण त्याची संहती दुप्पट केली तरी दर हलत नाही, कारण संथ पायरी आयोडीन येण्याच्या आधीच होऊन जाते. उलट आम्लातील H⁺ अभिक्रियाकारकांच्या यादीत नसतो आणि त्याची कोटी मात्र १ येते. म्हणून समीकरणात न दिसणाऱ्या पदार्थाचा रकाना तक्त्यात असेल, तर तो चुकून आला असे समजून गाळू नये.

तक्त्यात अनेक प्रयोग नसून एकाच प्रयोगातील वेळ आणि संहती दिली असेल तर?

तो वेगळ्या जातीचा तक्ता आहे आणि त्यावर गुणोत्तरांची वरची रीत चालत नाही. तेथे संहती निम्मी व्हायला लागणारा काळ लागोपाठ मोजावा. तो दरवेळी तितकाच येत असेल तर कोटी १, दरवेळी दुप्पट होत असेल तर २, आणि दरवेळी निम्मा होत असेल तर ०.

कोटी बरोबर आली, पण k उत्तराशी जुळत नाही. हे कसे शक्य आहे?

तक्त्यातल्या संहती मिसळण्याआधीच्या आहेत का, ते तपासा. दोन द्रावणे समान आकारमानाने मिसळली की दोन्ही संहती निम्म्या होतात. हे विसरून बाटलीवरचे आकडे तक्त्यात लिहिले, तर प्रत्येक ओळीत प्रत्येक संहती दुप्पट लिहिली जाते. गुणोत्तरे त्यामुळे बदलत नाहीत, म्हणून घातांक अचूक येतात. k मात्र फसतो. वरच्या पहिल्या प्रयोगात ०.०४० आणि ०.०८० ऐवजी ०.०८० आणि ०.१६० लिहिले आणि दर तोच ठेवला, तर k ४.११ × १०⁻³ च्या ऐवजी १.०३ × १०⁻³, म्हणजे बरोबर चौथाई येतो. k अशा नेमक्या पटीत चुकलेला दिसला, तर गणित पुन्हा करण्याआधी पिपेटने किती आणि कशात घेतले होते, ते जर्नलमध्ये पाहावे.